बिनअर्थाच्या ओळी

‘ताई, तुम्ही नक्की काय काम करता?’ असं माधवनगरच्या आमच्या गल्लीत कुणी विचारलं, की मी ‘कॉम्प्युटरचं’ म्हणून सुटका करून घ्यायचे. खरं सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. खरं हे, की गेला अख्खा उन्हाळा मी सांगलीतल्या एका छोट्या ऑफिसात बसून निरर्थक मेसेज गोळा करत होते. एकेक मेसेज वाचायचा, त्यात काही अर्थ आहे का बघायचं, आणि नसला तर पुढच्या रकान्यात ‘निरर्थक’ असं लिहायचं. या कामाचा पगार मिळायचा, हे मलाच खरं वाटत नसे.

झालं होतं असं. साताऱ्यातल्या एका दवाखान्याच्या वेबसाइटवर आमच्या कंपनीचं चॅट होतं. लोकांनी लिहायचं, यंत्रानं उत्तर द्यायचं. डॉक्टर कधी बसतात, वेळ मिळेल का, रिपोर्ट आले का, असलं सगळं. एका घरात बाळाच्या हाती फोन गेला. त्यानं ‘गगगगहहपप’ असं काहीतरी दाबलं, आणि आमच्या यंत्रानं मोठ्या प्रेमानं कळवलं, ‘आपली मंगळवारची वेळ नक्की झाली आहे.’ मंगळवारी त्या वेळेला कुणीच आलं नाही आणि डॉक्टर चिडले. मग आमच्या कंपनीच्या पुण्याच्या साहेबांनी ठरवलं, की यंत्राची परीक्षा घ्यायची. बिनअर्थाचे मेसेज त्याला द्यायचे आणि ते काय करतं ते बघायचं. अर्थ नसेल तर यंत्रानं अर्थ शोधून काढायचा नाही, वेळ तर मुळीच द्यायची नाही. नम्रपणे विचारायचं, ‘समजलं नाही, पुन्हा लिहाल का?’ दुसऱ्यांदा तेच आलं तर पर्याय दाखवायचे, आणि तिसऱ्यांदा फोन नंबर द्यायचा. या परीक्षेचा पेपर काढायला दोन माणसं नेमली, एक मी आणि दुसरा आमचा हळदवाला.

हळदवाला म्हणजे माझ्यासमोरच्या टेबलावरचा सहकारी. घरची हळदीची पेढी, जैन कुटुंब, सगळे भाऊ मार्केट यार्डात. हा एकटाच भाषेच्या नादाला लागला आणि घरच्यांच्या मते वाया गेला. मी त्याला शेठ म्हणायचे, तो मला ताई म्हणायचा. डब्यातली कारल्याची भाजी मला खपवायचा आणि माझी शेंगदाण्याची चटणी संपवायचा. स्वभाव शांत. माझा तसा नाही.

आता आप्पांचं सांगते, कारण हे सगळं पुढं त्यांच्याशीच येऊन भिडलं. आप्पा म्हणजे माझे वडील. वाईला एकटे राहतात. सगळं आयुष्य कोर्टाच्या बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये बसून लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाईप करण्यात गेलं. आधी टाईपरायटर, मग कॉम्प्युटर, पण बोटं तीच आणि कळाही त्याच जुन्या. ऐकू कमी यायला लागलं तेव्हा कानाचं मशीन घेतलं. ते दोन उन्हाळे चाललं आणि बंद पडलं. आता पुन्हा कान तपासून नवीन मशीन बसवायचं, तर साताऱ्याच्या त्याच दवाखान्यात वेळ घ्यायला हवी. फोनवर ती घेता येत नाही, कारण ऐकूच येत नाही. मी म्हटलं, मी घेते वेळ. तर म्हातारा भडकला.

‘मला काय धाड भरलीय? माझं मी बघतो. गावाचे अर्ज मी लिवले, माझा अर्ज तू लिवणार व्हय?’

मग मी त्यांच्या डाव्या कानाशी ओरडून सांगितलं, की दवाखान्याच्या वेबसाइटवर चॅट आहे, तिथं ऐकावं लागत नाही, लिहायचं फक्त. त्यांच्या कॉम्प्युटरवर ते पान काढून, त्यांचं नाव आणि फोन नंबर भरून दिलं. आप्पा खूश झाले. लिहायचं काम म्हणजे त्यांचं घरचं काम. आता वेळ मिळेल, मशीन बसेल, आणि आप्पा पुन्हा माणसांत येतील, असं मला वाटलं. कारण ऐकू येईनासं झाल्यापासून त्यांनी पारावर जाणं सोडलं होतं. चार माणसं हसली की यांना वाटायचं आपल्यालाच हसली. दिवसचे दिवस घरात बसून असायचे. माझा जीव तिथंच अडकलेला.

पुढच्या खेपेला वाईला गेले तेव्हा विचारलं, वेळ मिळाली का?

‘लिवलं की. चारदा लिवलं. ती बया म्हणती फोन करा.’

‘तुम्ही काहीतरी चुकीचं दाबलं असेल.’

‘मी?’ आप्पांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘फोन करा म्हणं! ऐकू आलं असतं तर तिच्या दारात कशाला गेलो असतो?’

परतीच्या एसटीत मला नुसता वैताग आला. त्यांचा हट्ट, बंद मशीन, ऑफिसातली ती यादी, सगळ्याचाच. खिडकीपाशी बसून डोळे मिटले, तरी डोळ्यांपुढं ‘asdfasdf’ नाचत होतं.

कारण ते काम बाहेरून गमतीचं वाटलं तरी माणसाला पिळून काढणारं होतं. अर्थ असलेलं वाचून थकवा येतो, पण अर्थ नसलेलं वाचून येणारा थकवा काही और. पहिल्यांदा आम्ही स्वतःच निरर्थक मेसेज बनवून बघितले. जमेना! हाताला सवयी असतात. मी डोळे मिटून कळा बडवल्या तरी दरवेळी तेच ‘asdfasdf’ निघायचं. शेठनं ‘खुर्ची उद्या पातळ आहे’ असं वाक्य बनवलं आणि स्वतःच म्हणाला, ‘ताई, हे आमच्या मामाच्या खुर्चीला लागू पडतं.’ शेवटी खऱ्या लोकांचे मेसेजच घ्यायचे ठरलं. दवाखान्याकडून आले ते नाव, नंबर, गाव सगळं पुसून आले. कुणी लिहिलं ते आम्हाला कळायचं नाही, कळूही नये असा नियम होता. त्यात खिशात दाबले गेलेले मेसेज, पोरांनी दाबलेले, नुसती टिंबं, नुसते हसरे चेहरे, बोलून टाईप करताना गाडीचा हॉर्न ऐकून फोननं मनानंच लिहिलेले शब्द, असं काय वाट्टेल ते होतं.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे बिनअर्थाचे वाटणारे, पण अर्थाचे. कुणी नुसतं ‘४’ लिहिलंय. एकटं वाचलं तर निरर्थक. पण त्याआधी यंत्रानं विचारलेलं असतं, ‘ताप किती दिवसांपासून आहे?’ मग तो ‘४’ लाखमोलाचा. कुणी ‘व्हय’ एवढंच लिहितं, तर पुण्याचे साहेब विचारतात, हे काय आहे? मी म्हटलं, ‘साहेब, हे होय आहे. सातारा-सांगलीत अर्धा संसार याच्यावर चालतो.’ असे मेसेज पेपरात मुद्दाम घालायचे, म्हणजे यंत्र सगळ्यांनाच ‘समजलं नाही’ म्हणून पास होऊ नये. अर्थ नसेल तिथं अर्थ काढला तरी चूक, आणि अर्थ असेल तिथं नाही म्हटलं तरी चूक.

पद्धत अशी होती, की मी आणि शेठनं एकाच मेसेजला वेगवेगळं बसून लेबल लावायचं, एकमेकांचं बघायचं नाही. ‘निरर्थक’, ‘सार्थ’ किंवा ‘शंका’. मग दोघांचं ताडून बघायचं. जमलं तर ओळ पक्की. नाही जमलं तर समोरासमोर बसून भांडायचं. आणि दोघांचं एकमत झालेली ओळ नंतर कुणी काढायची नाही, साहेबांनीही नाही, हा नियम खुद्द साहेबांनीच केलेला.

तर एके दुपारी आम्ही असे ताडत बसलो होतो. पंखा गरम हवा फिरवत होता. काही ओळींना मी ‘निरर्थक’ लावलेलं आणि शेठनं ‘शंका’. पहिली ओळ अशी होती:

eyk ,sdw ;sr ukgh

‘यात कसली शंका?’ मी म्हटलं. ‘कळा बडवल्यात सरळ. मध्ये स्वल्पविराम काय, अर्धविराम काय!’

‘ताई, कळा बडवणारा माणूस जागा सोडत बसत नाही. हा शब्दासारखी जागा सोडतोय. आणि ही खालची बघा.’

Qksu d: udk

‘बरं मग?’

‘मग काही नाही. पण अशा चार आल्यात, वेगवेगळ्या दिवशी. ते शेवटचं ukgh दुसऱ्या एकीतपण आहे. येडा माणूस एवढ्या शिस्तीत येडेपणा करत नाही.’

‘शेठ, मला चहा हवाय. लाव निरर्थक आणि सोड.’

‘मी नाही लावणार,’ तो शांतपणे म्हणाला. असला राग आला मला त्याचा! दुपारची वेळ, शेकडो ओळी बाकी, आणि हा चार फालतू ओळींना चिकटून बसलाय. त्या ओळींवर यंत्रानं त्या वेळी काय केलं होतं तेही शेजारी होतं. आधी ‘समजलं नाही’, मग पर्याय, मग ‘कृपया आमच्या क्रमांकावर फोन करा’. अगदी आम्ही ठरवलं तसंच. माझं लेबल धरलं तर यंत्राला त्या ओळींवर पैकीच्या पैकी मार्क पडत होते.

चहा येईपर्यंत मी कंटाळून टेबलावर बोटं वाजवत होते. नजर ओळीवर, बोटं लाकडावर. उजवी तर्जनी वर, मधलं बोट जागेवर, डावी तर्जनी आत, उजवी तर्जनी आत. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘नाही.’

‘काय नाही?’ शेठनं विचारलं.

मी परत बोटं चालवली. नाही. दहावी झाल्यावर साताऱ्यात मराठी टायपिंगचा क्लास लावलेला, आप्पांनीच लावला होता. ‘नोकरी लागो न लागो, बोटाला वळण लागतंय,’ म्हणायचे. मॅडम कळफलकावर फडकं टाकायच्या आणि म्हणायच्या, बोटांनी वाचा. ती बोटं इतक्या वर्षांनी वाचायला लागली. जुन्या टाईपरायटरच्या मांडणीत u म्हणजे न, k म्हणजे काना, g म्हणजे ह, h म्हणजे दीर्घ वेलांटी. कुणीतरी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप करून तो मजकूर जसाच्या तसा चॅटमध्ये चिकटवला होता. फॉन्ट गेला आणि खाली नुसती इंग्रजी कळांची हाडं उरली.

मी पहिल्या ओळीवर बोटं ठेवली. मला. ऐकू. येत. नाही.

दुसरी. फोन. करू. नका.

आणि आमचं यंत्र त्याला सांगत होतं, फोन करा.

नाव पुसलेलं होतं, नंबर पुसलेला होता, गाव पुसलेलं होतं. पण मला कुणी सांगायची गरज नव्हती. ‘मी चारदा लिवलं,’ म्हणणारा माणूस मला माहीत होता. चहा आला आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, त्या चहावाल्यासमोर. शेठनं आपल्या ‘शंका’च्या जागी ‘सार्थ’ लिहिलं आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली. मीही लिहिलं.

त्याच आठवड्यात वाईला गेले. आप्पांना म्हटलं, मला तुम्ही कसं लिहिता ते दाखवा. त्यांनी नेहमीसारखा अर्जाचा कागद उघडला, खटाखट टाईप केलं, उचललं आणि चॅटच्या चौकटीत चिकटवलं. स्क्रीनवर तीच हाडं.

‘आप्पा, हे असं इंग्रजी दिसतंय, तुम्हाला विचित्र वाटलं नाही?’

‘त्यात काय? हितं फॉन्ट न्हाई म्हणून तसं दिसतंय. त्यांच्याकडं असंल की.’

मी हसावं का रडावं! पण त्यांचं बरोबर होतं. अर्जांच्या जोडीला वर्षानुवर्षं त्यांनी छापखान्याला लग्नपत्रिकांचा मजकूरही असाच पाठवला होता. वाटेत तो गचाळ दिसायचा आणि तिकडं फॉन्ट लावला की पत्रिका झकास छापून यायची. कोर्टाभोवतीचे सगळे टायपिस्ट असंच समजून चालतात. पलीकडच्या माणसाकडं फॉन्ट असणार, हा त्यांचा विश्वासच.

‘तुमचं चुकलेलं नाही,’ मी त्यांच्या कानाशी ओरडले.

‘ते मला म्हाईत हाय,’ आप्पा म्हणाले. ‘पर वेळ कवा मिळायची?’

साहेबांना व्हिडिओवर सगळं सांगितलं. साहेब तरुण, हुशार, आणि कायम घाईत. म्हणाले, ‘इंटरेस्टिंग! पण असे किती लोक असतील, मॅडम? त्या ओळी काढून टाका. पेपरचा सेट स्वच्छ ठेवू.’

‘काढता येणार नाहीत.’

‘का?’

‘दोघांचं एकमत आहे. नियम तुमचाच.’

शेठ माझ्या खांद्यामागून स्क्रीनमध्ये डोकावला. ‘माझं लेबल पण सार्थ आहे, सर.’ एवढंच बोलून परत जागेवर जाऊन बसला. साहेबांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, ठीक आहे, ठेवा. ओळी राहिल्या म्हणजे यंत्र त्यांवर नापास, आणि नापास म्हणजे दुरुस्ती आलीच.

दुरुस्ती करणाऱ्या पोरांनी नमुने मागितले. पेपरातल्या ओळी त्यांना देता येत नव्हत्या. परीक्षेचा पेपर आधी फोडला तर परीक्षा कसली? यंत्र तेवढ्या ओळी पाठ करून बसेल. मग मी जुन्या मांडणीत नवी वाक्यं टाईप करून दिली, बोटं दुखेस्तोवर. पोरांनी कळांवरून अक्षरं लावणारं कोष्टक बसवलं. तर यंत्र भलत्याच उत्साहात आलं. कुणी ‘ok’ लिहिलं की जुन्या मांडणीत त्याचं ‘वा’ होतं. यंत्र म्हणायला लागलं, ‘कौतुकाबद्दल आभार!’ शेठ खुर्चीवरून पडायचा बाकी होता. मग आधी मजकूर इंग्रजीत काही म्हणतोय का ते बघायचं, आणि नसेल तरच अक्षरं लावून मराठी शब्द होतात का ते तपासायचं, असं ठरलं. पुन्हा पेपर दिला. या वेळी आप्पांच्या चारही ओळी यंत्रानं ‘सार्थ’ म्हणून ओळखल्या. त्यांच्यासमोर हिरवे ठिपके आले. साहेबांनी आम्हा दोघांना टाळ्यांचं चित्र पाठवलं. मला आनंद झालाच नाही असं नाही, पण त्याहून जास्त, कुठंतरी आडवं व्हावंसं वाटलं.

सुधारलेलं चॅट दवाखान्यात चालू झालं त्या रविवारी मी वाईला होते. आप्पा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरपुढं बसले, कोर्टात अर्ज द्यायला निघाल्यासारखे. टाईप केलं. मला ऐकू येत नाही, कान तपासायला वेळ हवी, फोन करू नका, लिहून कळवा. उचललं, चिकटवलं. हाडं दिसली. मी त्यांच्या खुर्चीमागं उभी.

उत्तर आलं. शुद्ध मराठीत.

‘आपला संदेश समजला. आपल्याला ऐकू येत नाही याबद्दल वाईट वाटले. आमचे प्रतिनिधी वेळ ठरवण्यासाठी लवकरच आपल्याला फोन करतील.’

‘बघ!’ आप्पांनी पहिलीच ओळ वाचली असावी. खुर्चीतल्या खुर्चीत माझ्याकडं वळले. चेहरा उजळलेला. ‘समजला म्हणती! आं? माझं लिवलेलं समजलं तिला.’

मी खालची ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. आमचा पेपर एवढंच विचारत होता, की अर्थ आहे का नाही. आहे, हे यंत्राला कळलं. अर्थ कळल्यावर पुढं काय करायचं, हे आमच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

खिडकीत ठेवलेला आप्पांचा बटणांचा फोन वाजायला लागला. त्यांची पाठ तिकडं. ते स्क्रीनकडं बघून हसत होते. फोन वाजत राहिला. शेवटी मी उचलला. पलीकडून एक मुलगी बोलली, गोड आवाजात, ‘नमस्कार, कानाच्या तपासणीसाठी मेसेज होता. पेशंटशी बोलायचं होतं.’

‘त्यांना ऐकू येत नाही.’

‘हो मॅडम, लिहिलंय तसं इथं. पण वेळ पेशंटनं स्वतःच कन्फर्म करायची असते. जरा त्यांना देता का?’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तोंडाशी आलेलं सगळं बोलणार, तेवढ्यात आप्पांनी माझा चेहरा बघितला, मग फोन बघितला. सगळं समजले. उठले, माझ्या हातातून फोन घेतला, कानाला नाही लावला, तोंडासमोर धरला. आणि कोर्टात पुकारा करावा तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाले,

‘मला. ऐकू. येत. नाही.’

मग बटण दाबून फोन बंद केला, खिडकीत जागेवर ठेवला, आणि कॉम्प्युटरपुढं बसून नवा कागद उघडला.